पायलट चांगला गेला, मग लाँचच्या यशाची शक्यता किती वाढली?

पायलटचा, म्हणजे लाँचआधी मोजक्या ग्राहकांवर घेतलेल्या चाचणीचा, निकाल हातात आला की बैठकीत दोनच सूर निघतात. एक म्हणतो, “जमलं, आता थांबायचं कशाला?” दुसरा म्हणतो, “पायलट काय, चांगलेच जातात.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण किती, ते आकडा मांडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी सशर्त संभाव्यतेचं शाळकरी गणित पुरतं. अवघड असतं ते त्यात घालायचे आकडे प्रामाणिकपणे ठरवणं.

उदाहरण म्हणून छोट्या दुकानदारांसाठीचं हिशेबाचं अ‍ॅप घेऊ. पायलटमध्ये २०० दुकानदारांना ते आठ आठवडे फुकट वापरायला दिलं.

पायरी १ : पायलटआधीच तीन गोष्टी लिहून ठेवा

पहिली, यश म्हणजे काय. इथे ठरवू, की लाँचनंतर सहा महिन्यांनी नोंदणी केलेल्यांपैकी निदान चौथा हिस्सा पैसे भरून अ‍ॅप वापरत असेल, तर यश. दुसरी, पायलटचा चांगला निकाल म्हणजे काय. आठव्या आठवड्यातही २०० पैकी निदान ६० जण रोज नोंदी करत असतील, तर चांगला. ही रेषा निकाल पाहून आखली, तर ती नेमकी निकालाच्या खालून जाते आणि पुढचं सगळं गणित वाया जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे आजच्या घडीला यशाची शक्यता किती वाटते. अशा प्रकारची आधीची उत्पादनं किती चालली, तिथून सुरुवात करा आणि आपलं उत्पादन त्यांच्याहून ठळकपणे वेगळं असेल तेवढाच फरक करा. आपण ४० टक्के धरू.

पायरी २ : पायलट किती खरं बोलतो ते ठरवा

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. जी उत्पादनं शेवटी यशस्वी होतात, त्यांपैकी कितींचा पायलट चांगला गेलेला असतो? समजा, ८० टक्के. आणि जी आपटतात, त्यांपैकी कितींचा पायलट तरीही चांगला गेलेला असतो? समजा, ३० टक्के. पहिला आकडा सगळे विचारतात, दुसरा सहसा कोणी विचारत नाही. पण निर्णय फिरतो तो दुसऱ्यावर.

हा दुसरा आकडा जुन्या नोंदींतून काढताना एक खाच लागते. पायलटमध्ये नापास झालेली उत्पादनं बहुधा बाजारात आलीच नसतात. त्यामुळे लाँच झालेल्यांची यादी घेतली, तर चाललेल्या आणि आपटलेल्या दोन्ही गटांत जवळपास सगळ्यांचे पायलट चांगलेच दिसतात आणि पायलट कुचकामी वाटतो. पायलट वाईट जाऊनही हट्टानं लाँच केलेली मोजकी उत्पादनं असतील, तर ती शोधा; तीच इथे मोलाची. ती नसतील, तर दोन-तीन अनुभवी लोकांना वेगवेगळं गाठून विचारा : “पुढे आपटणारी दहा उत्पादनं डोळ्यांसमोर आणा, त्यांपैकी कितींचा पायलट गोड दिसेल?” उत्तरं ३ ते ५ अशी आली, तर सरासरीत गुंडाळू नका. दोन्ही टोकं जपून ठेवा, पुढे लागतील.

पायरी ३ : शंभर उत्पादनं कल्पून मोजा

आपल्यासारखी १०० उत्पादनं समजा. त्यांतली ४० यशस्वी होणार, ६० आपटणार. यशस्वी ४० पैकी ८० टक्के, म्हणजे ३२ जणांचा पायलट चांगला जाईल. आपटणाऱ्या ६० पैकी ३० टक्के, म्हणजे १८ जणांचाही चांगला जाईल. एकूण ५० चांगले पायलट, त्यांतली खरी यशस्वी ३२. म्हणजे चांगल्या निकालानंतर यशाची शक्यता ३२ भागिले ५०, ६४ टक्के.

निकाल वाईट आला असता, तर उरलेल्या ५० मध्ये यशस्वी फक्त ८, म्हणजे १६ टक्के.

“यशस्वी उत्पादनांपैकी ८० टक्क्यांचा पायलट चांगला जातो, म्हणजे आपल्याला यशाची ८० टक्के खात्री” असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबवा. त्या वाक्यात अपयशी ६० जणांचा पत्ताच नाही.

स्प्रेडशीटमध्ये B1 मध्ये ४० टक्के, B2 मध्ये ८० टक्के आणि B3 मध्ये ३० टक्के भरून हे लिहा :

```
=(B1*B2)/(B1*B2+(1-B1)*B3)
```

पायरी ४ : किती शक्यतेला ‘गो’ म्हणायचं?

६४ टक्के पुरेसे आहेत का, हे नफा-तोट्यावर ठरतं. यश आलं तर ५ एकक मिळणार आणि आपटलं तर ४ एकक जाणार असतील, तर ना नफा ना तोटा असा उंबरठा ४ भागिले ५ अधिक ४ ची बेरीज, म्हणजे ४ भागिले ९, साधारण ४४ टक्के. पायलटआधी आपण ४० वर होतो, म्हणजे लाँच तोट्याचं होतं. चांगल्या निकालानं ६४ वर नेलं, आता हिरवा कंदील दाखवता येतो. जो पायलट कोणत्याही निकालानंतर आपल्याला उंबरठ्याच्या त्याच बाजूला ठेवतो, त्यावर या निर्णयापुरता तरी खर्च करू नये.

पायरी ५ : नाजूक आकडा हलवून बघा

आता पायलट प्रत्यक्षात कसा झाला ते आठवा. दुकानदार स्वतःहून पुढे आलेले होते, अ‍ॅप फुकट होतं आणि नोंद अडली की टीममधलं कोणीतरी फोनवरून शिकवत होतं. लाँचनंतर यातलं काहीच नसेल. असा लाडावलेला पायलट आपटणाऱ्या उत्पादनांनाही पास करतो, म्हणून ३० टक्क्यांचा आकडा वर सरकवायला हवा. ५० केला, तर ३२ खऱ्यांसोबत ३० खोटे चांगले पायलट येतात आणि शक्यता ५२ टक्क्यांवर उतरते. ६० केला तर ४७. साधारण ६७ च्या पुढे गेला, की आपण ४४ च्या खाली घसरतो. आता बैठकीत वाद घालायला नेमका मुद्दा मिळाला : आपटणाऱ्या तीनपैकी दोन उत्पादनांनाही हा पायलट पास करेल, इतका तो सैल होता का?

दुसरा पायलट घ्यायचा असेल तर

पहिल्या निकालानंतरचे ६४ टक्के ही नवी सुरुवात धरायची, इथवर ठीक. पण तेच ८० आणि ३० पुन्हा लावले, तर दुसऱ्या चांगल्या निकालानंतर शक्यता ८३ टक्के दिसते. हा आकडा फुगलेला असतो. तीच टीम, तसेच दुकानदार आणि तेच फुकट अ‍ॅप असेल, तर पहिल्या पायलटनं जिथे फसवलं तिथेच दुसराही फसवेल. प्रश्न असा विचारायचा : पहिल्यात पास होऊनही आपटणाऱ्यांपैकी कितीजण दुसऱ्यातही पास होतील? समजा ७० टक्के, आणि खऱ्या यशस्वींपैकी ९०. मग शक्यता ७० टक्क्यांपर्यंतच जाते. दुसरा निकाल वाईट आला, तर ती ३७ वर येते, उंबरठ्याच्या खाली.

म्हणजे दुसरा पायलट घेण्यात अर्थ आहे, पण तो पैसे आकारून, फोनवरची मदत बंद ठेवून आणि स्वतःहून पुढे न आलेल्या दुकानदारांसोबत घ्या. तसं केलं, तर आपटणाऱ्या उत्पादनाला पुन्हा पास होणं अवघड जाईल आणि तो ७० टक्क्यांचा आकडा बराच खाली धरता येईल.