शेजाऱ्यांची उधारी: शिलाईच्या दुकानात या चुका टाळा

माझे मामा बेळगावच्या वडगावात शिलाईचं दुकान चालवतात. एक शिलाईचं मशीन, एक पिको-फॉलचं, आणि हूक लावायला, हेमिंग करायला गल्लीतलीच एक मुलगी. ब्लाऊजचं कापड आणि अस्तरही तेच ठेवतात, त्यामुळे बायकांना खडेबाजारात हेलपाटा घालावा लागत नाही. दोन वर्षांपूर्वी गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी मामा वही काखेत मारून आमच्या घरी आले. महिनाभर रात्री अकरापर्यंत मशीन चाललं होतं. "वही बघ, पैसे मिळालेत," ते म्हणाले. "मग कापडवाल्याला द्यायला माझ्याकडे का नाहीत?"

आम्ही दोघं हिशेबाला बसलो. त्या रात्री जे सापडलं ते उधारीवर शिवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून इथं लिहितो.

वहीतली रक्कम हातातली समजणं

मामांचा एक ब्लाऊज तेव्हा कापडासकट 450 रुपयांना होता. त्यात कापड, अस्तर, हूक, धागा मिळून 170 जायचे आणि मुलीला 60. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे देवोत वा न देवोत, 230 रुपये त्याच आठवड्यात हातातून निघून जात. उरलेल्या 220 मधून दुकानभाडं, लाईटबिल आणि घर.

महिन्याचे ब्लाऊज 80 झाले होते. वहीप्रमाणे 36,000 रुपये. त्यातून कापड-मजुरीचे 18,400 आणि भाडं-लाईटचे 5,000 वजा केले की 12,600 नफा. मामांच्या डोक्यात हाच आकडा होता, आणि त्याच भरवशावर त्यांनी घरी 9,000 दिले होते.

पण 80 पैकी 35 ब्लाऊज उधारीवर गेले होते. रोख आली ती फक्त 45 चीच, म्हणजे 20,250. खर्च झाला 23,400. घरचा एक रुपया धरायच्या आधीच गल्ल्यात 3,150 ची तूट होती. घरचे 9,000 मिळवले की 12,150. कापडवाल्याचे पैसे अडकले होते ते इथे. शेवटी मामांनी पिग्मीवर 12,000 कर्ज काढलं. रोज पन्नास-पन्नास रुपये भरून साठवलेल्या पैशावर, शेजारणींच्या ब्लाऊजपायी व्याज सुरू झालं.

अशी अडचण लवकर ओळखता येते. काम वाढलं की पैशाची ओढाताणही वाढत असेल, तर पैसा उधारीत अडकतोय. काम कमी असताना तंगी आली तर ते मंदीचं लक्षण, पण भर सणात तंगी आली तर वही उघडून बघावी.

बुडालेलं बुडालं न म्हणणं

दिवाळीपर्यंत 35 पैकी 24 ब्लाऊजचे पैसे आले. आणखी सहा जणींनी शंभर-शंभर करत संक्रांतीनंतर फेडले. पाच ब्लाऊज राहिले, 2,250 रुपये. एक कुटुंब भाड्याचं घर सोडून गेलं होतं, बाकीच्या रस्त्यात दिसल्या की पलीकडच्या बाजूने जायच्या. हे बघताना मला फार वाईट वाटायचं, कारण त्यातल्या एकीशी मामीची वीस वर्षांची मैत्री होती. पैसे गेले ते गेले, येणं-जाणंही थांबलं.

मामा ती नावं खोडायला तयार नव्हते. "खोडलं की 2,250 चं नुकसान होईल," म्हणत. पण खोडल्या दिवशी गल्ल्यातून काहीच जात नाही. पैसे भाद्रपदात गेलेत, कापडवाल्याला आणि मुलीला दिले तेव्हाच. खोडायचं ते अशासाठी, की पुढच्या दिवाळीचं कापड भरताना "येणं आहे की" म्हणून ही रक्कम परत हिशेबात धरली जाऊ नये. मामांनी एकदा ती धरली होती, आणि दुसऱ्यांदा कर्ज काढावं लागलं.

बुडालेला एक ब्लाऊज किती महाग पडतो ते असं बघा. दोन ब्लाऊज शिवले, एकीने पैसे दिले, एकीने बुडवले. आले 450, गेले दोनदा 230, म्हणजे 460. दोन ब्लाऊजची मेहनत करून मामा दहा रुपयांनी मागे, आणि भाडं अजून द्यायचंच आहे. हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

जुनी आणि नवी बाकी एकत्र करणं

वहीत प्रत्येकीच्या नावापुढे एकच आकडा असायचा. कुणी 200 देऊन जायची आणि त्याच दिवशी 450 चा नवा ब्लाऊज टाकायची. मामांना वाटायचं, बाई देतेय की. प्रत्यक्षात तिची बाकी वाढत होती आणि पहिला ब्लाऊज चार महिन्यांचा झाला होता. आता प्रत्येक ब्लाऊजची तारीख वेगळ्या ओळीत असते, आलेले पैसे आधी सगळ्यात जुन्या ओळीला लागतात, आणि तीन महिन्यांपलीकडच्या ओळीला लाल पेनाने गोल. लाल गोल असेपर्यंत त्या नावावर नवीन उधार नाही.

तारीख न ठरवता "राहू दे, दे सावकाश" म्हणणं

"दादा, उसाचं बिल आलं की देतो की वो." भाद्रपदात ऊस शेतात उभा असतो. तो तुटायचा, कारखान्याला जायचा, मग बिल. म्हणजे हा वायदा तीन-चार महिन्यांचा झाला, आणि तो मनापासून दिलेला असला तरी कापडवाला तेवढा थांबत नाही. मागावर काम करणाऱ्या घरांत पैसे आठवड्याला यायचे, त्यांना मामा आता पगाराचा वार विचारून तोच वहीत लिहितात.

मामांचा आणखी एक समज होता: पैसे दिले नाहीत तर कपडा द्यायचा नाही, तो आपला हक्क. आधी काही ठरलं नसेल तर हा हक्क खरंच आहे. पण 1872 च्या भारतीय करार कायद्यात, कलम 170 खाली, उदाहरणच शिंप्याचं दिलंय. शिवून झाल्याबरोबर कोट देतो आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत देतो असं शिंप्याने कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. म्हणजे "सावकाश दे" हे शब्द तोंडातून गेले की हातातला हा धरही गेला.

म्हणून आता माप घेतानाच बोलणं होतं. 250 रुपये आधी, बाकीचे ब्लाऊज नेताना. अगदीच अडलं तर ते 200 उधार राहतात, पण कापड आणि मुलीची मजुरी सुटलेली असते. कुणी बुडवलंच तर मामांची मेहनत जाते, कापडवाल्याचं देणं अंगावर येत नाही. पहिल्या महिन्यात दोन-तीन बायका रागावून दुसरीकडे गेल्या. त्यातली एक परत आली.

ज्यांच्या घरात आजारपण आहे, माग बंद पडलाय, त्यांच्याकडे मामा आगाऊ मागत नाहीत, आणि मी त्यांना मागायला सांगणारही नाही. फक्त त्यासाठी महिन्याला 1,000 रुपयांची हद्द त्यांनी ठरवलीय. ती रक्कम वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लिहितात, आणि कापड भरायच्या हिशेबात ते पान उघडतच नाहीत.