नव्या व्हेंडरकडून नोंदणी, कर आणि बँकेचे कागद कसे मागावेत

नव्या पुरवठादाराला पहिली ऑर्डर देण्याआधी त्याच्याकडून तीन कागद घ्यायचे असतात: व्यवसाय नोंदणीचा दाखला, कर नोंदणीचा दाखला आणि बँक खात्याचा पुरावा. बहुतेक ठिकाणी एक फॉर्म पाठवून ते मागितले जातात, आलेले कागद फाइलला लागतात आणि काम संपलं असं समजलं जातं. खरं काम मात्र ते तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचण्याचं आहे.

आधी कारण सांगा, मग कागद मागा

समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही त्याच्या बँक खात्याचा तपशील मागताय. तो बिचकणारच. म्हणून पत्रातच प्रत्येक कागदाचं कारण एका ओळीत लिहावं. मी साधारण असं लिहितो:

«आपलं नाव आमच्या पुरवठादार यादीत घेण्यासाठी पुढील प्रती हव्या आहेत. नोंदणी दाखला: करार कोणाशी होतोय हे नीट नोंदवता यावं म्हणून. कर नोंदणी दाखला: आपल्या बिलावरचा कर आम्हाला योग्य तऱ्हेने हिशेबात घेता यावा म्हणून. बँकेचं पत्र किंवा कॅन्सल चेक: पैसे आपल्याच खात्यात जावेत म्हणून. खात्याचा पिन, पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही कधीही मागत नाही.»

शेवटचं वाक्य गाळू नये. तुमच्या नावाने कुणी खोटा ईमेल पाठवला, तर ते वाचलेला व्हेंडर सावध राहतो.

नोंदणी दाखला पहिला वाचा

त्यात व्यवसायाचा प्रकार कळतो, आणि पुढच्या दोन्ही कागदांत काय अपेक्षित आहे ते त्यावर ठरतं. कंपनी ही कायद्याने तिच्या मालकांहून वेगळी व्यक्ती असते. एका माणसाच्या मालकीच्या धंद्यात तसं नसतं. तिथे मालक आणि धंदा एकच. नोंदणी क्रमांक सरकारी नोंदवहीत ऑनलाइन शोधता येत असेल तर तिथेच तपासावा. स्कॅन केलेल्या दाखल्यावर नाव बदलणं फार सोपं आहे. शिवाय नोंदणी अजून चालू आहे की रद्द झाली, हे जुन्या दाखल्यावरून कळत नाही.

कराचा कागद

यातला क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवा. नोंदणी नसलेल्याने बिलात कर लावला, तर तुम्ही तो भरता, पण त्याची वजावट तुम्हाला नाकारली जाऊ शकते. ज्या देशात पैसे देतानाच कर कापून भरावा लागतो, तिथे चुकीच्या क्रमांकावर भरलेला कर व्हेंडरच्या नावे जमा दिसत नाही. मग तो तुमच्याकडेच विचारणा करत राहतो. व्हेंडर करनोंदणीच्या कक्षेत येत नसेल, तर तसं सहीनिशी लिहून घ्यावं.

बँकेचा पुरावा

ईमेलमध्ये टाइप केलेला खाते क्रमांक हा पुरावा नव्हे. खातेदाराचं छापील नाव दिसेल असा कागद हवा. कारण अनेक ठिकाणी बँक पैसे फक्त खाते क्रमांक पाहून जमा करते, नाव जुळतं का हे बघत नाही. आयबॅन या अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात तपासणीचे दोन अंक असतात, पण त्यांनी टंकनातली चूक पकडली जाते. खातं कोणाचं आहे हे कळत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. दाखल्यावर कंपनीचं नाव, कराच्या कागदावर तेच नाव, पण कॅन्सल चेक एका संचालकाच्या वैयक्तिक खात्याचा. व्हेंडर म्हणतो, «आमचं सगळं त्यांच्याच खात्यात येतं.» एकट्या मालकाचा धंदा असता तर हे चाललं असतं. इथे करार कंपनीशी आहे, आणि त्या माणसाला दिलेले पैसे कंपनीला पोहोचले नाहीत, असा दावा उद्या कंपनी करू शकते. तेव्हा कंपनीच्या नावाचं खातं मिळेपर्यंत पेमेंट चालू करू नये. उलट, दाखल्यावर एक नाव आणि बिलावर दुकानाचं दुसरं नाव असेल, तर घाबरायचं कारण नाही. ते व्यापारी नाव नोंदवल्याचा कागद मागितला की बहुधा प्रश्न सुटतो.

फोन करूनच खातं चालू करा

सगळं जुळलं तरी व्हेंडरला फोन करून खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्याच्याकडून वदवून घ्यावेत. फोन नंबर त्या ईमेलमधला घेऊ नये. सरकारी नोंदवहीतला किंवा खरेदी विभागाकडे आधीपासून असलेला घ्यावा. कारण ईमेलच बनावट असेल तर त्यातला नंबरही त्याच माणसाचा असतो. कोणी, कोणाशी, कधी बोललं ते फाइलवर लिहावं. पुढे कधी «आमचं खातं बदललंय» असा निरोप आला, तर बँकेचा कागद आणि हा फोन, दोन्ही पुन्हा करावेत, आणि ते होईपर्यंत पेमेंट थांबवून ठेवावं.