सेल्स म्हणतंय उघडं ठेवा, फायनान्स म्हणतंय लॉक करा: एकाच थ्रेडमध्ये दोघांना उत्तर कसं द्यायचं

बिझनेस ॲनालिस्ट म्हणून नवीन लागलात की पहिल्या काही महिन्यांतच हे होतं. एका मेलमध्ये एक मोठा माणूस एक मागतो, तासाभरात त्याच थ्रेडवर दुसरा मोठा माणूस बरोबर उलटं मागतो, दोघंही तुम्हालाच टू मध्ये ठेवतात आणि मग सगळे गप्प बसून तुमची वाट बघतात. मी ईआरपी इम्प्लिमेंटेशनमध्ये काम करते, त्यामुळे तिथलीच एक केस घेऊन सांगते, म्हणजे नुसतं हवेत राहणार नाही.

क्लायंट म्हणजे चाकणकडची माल बनवणारी एक कंपनी, राज्यभर डीलर. सेल्स हेडचा मेल आला की गाडी गेटबाहेर जाईपर्यंत ऑर्डरची क्वांटिटी बदलता आली पाहिजे, डीलरचे फोन दुपारनंतरच येतात. त्यावर फायनान्सच्या मॅडमचा मेल, की इनव्हॉइस झाला की ऑर्डर पूर्ण लॉक, कोणालाही एडिट राइट्स नकोत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपलं काम कळतच नाही.

अशा वेळी पहिलं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, पण त्यात उत्तर नसलं पाहिजे. गप्प बसलात तर डेव्हलपर थ्रेडमधला शेवटचा मेल हाच निर्णय समजून काम सुरू करतो, आणि नुसतं 'नोटेड सर' लिहिलंत तरी सर समजतात की झालं, मागणी मान्य. टीम्सवर एकाच्याच मेसेजला थम्सअप देणं हेसुद्धा तसंच, लोक ते बघतात आणि लक्षात ठेवतात. मी हे पाठवलं:

"सर, मॅडम, दोघांचे मेल मिळाले. इनव्हॉइसनंतर ऑर्डर बदलता यावी की नाही याबद्दल दोन वेगळ्या गरजा आल्या आहेत. मी आज दोघांशी वेगवेगळं बोलून घेते आणि उद्या दुपारी 4 पर्यंत इथेच पर्याय मांडते. तोपर्यंत या स्क्रीनवर डेव्हलपमेंट टीमने काही बदल करू नये."

यात दोघांशी वेगवेगळं बोलणार हे मी दोघांसमोर लिहिलंय, ते मुद्दाम. न सांगता एकाला फोन केला आणि दुसऱ्याला नंतर कळलं तर पुढचं काहीही लिहा, तुम्ही त्यांच्या गोटातल्याच ठरता. आणि दोघंही टू मध्येच ठेवायचे, एक टू मध्ये आणि एक सीसी मध्ये असं अजिबात नको.

आता फोन. दोघांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. शेवटचं असं कधी झालं, ती ऑर्डर कोणती होती, तेव्हा नक्की काय करावं लागलं, आणि हे जमलं नाही तर तुमचं काय अडतं. "तुम्हाला काय हवंय" हे विचारायचं नाही, ते मेलमध्ये आलेलंच आहे आणि विचारलं की माणूस तेच अजून जोरात सांगतो. एखादी खरी ऑर्डर समोर ठेवली की मागणीच्या मागचं कारण आपोआप बाहेर येतं. सरांनी सांगितलं की डीलरचे फोन साधारण 3 ते 5 मध्ये येतात, आणि जास्त करून माल वाढवायला, कधीतरीच कमी करायला. मॅडमनी सांगितलं की त्यांचा त्रास ऑर्डरचा नाहीच, आयआरएनचा आहे.

हे जरा नीट समजून घ्या, कारण सगळी केस इथेच सुटते. ई-इनव्हॉइस लागू असलेल्या कंपनीचं बिल, म्हणजे ज्यांची उलाढाल 5 कोटींच्या वर आहे, ते सरकारी पोर्टलवर जाऊन त्याला आयआरएन नंबर मिळतो. त्यानंतर ते बिल तिथे एडिट करता येत नाही. रद्द करायचं तर 24 तासांच्या आत आणि पूर्ण बिल, अर्धं नाही, त्यात ई-वे बिल निघालेलं असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि तोच बिल नंबर परत वापरता येत नाही. 24 तास उलटले की क्रेडिट नोट. पण माल वाढवायचा असेल तर जुन्या बिलाला हात लावायची गरजच नाही, वाढीव मालाचं दुसरं बिल करता येतं. म्हणजे सर ज्याला 'क्वांटिटी बदलणं' म्हणत होते त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, वाढवणं आणि कमी करणं, आणि मॅडमना खरा ताप फक्त दुसरीचा होता.

मग मी कागदावर दिवसाची एक रेघ मारली. सकाळी ऑर्डर कन्फर्म, दुपारी 2 ला सगळी बिलं एकगठ्ठा, 3 ते 5 डीलरचे फोन, 5 नंतर लोडिंग, रात्री 8 पर्यंत गाड्या बाहेर. भांडण फक्त बिल ते गेट एवढ्याच पट्ट्यात होतं, आणि तो पट्टा एवढा मोठा का, तर बिलं 2 ला निघतात म्हणून. ती 2 ला का निघतात याचं कारण थ्रेडमधल्या कोणाकडेच नव्हतं, ते डिस्पॅचवाल्यांकडे होतं आणि ते थ्रेडमध्येच नव्हते. हे नेहमी तपासा. दोघांना खूश करणारा पर्याय बऱ्याचदा तिसऱ्याच्या डोक्यावर बसतो, आणि तो तिसरा नेमका गो-लाइव्हच्या आठवड्यात उगवतो.

दुसऱ्या दिवशी गेलेलं उत्तर असं होतं, मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत देते:

"सर, मॅडम,
दोघांच्या गरजा मला अशा समजल्या, चुकत असेल तर दुरुस्त करा. सेल्स: डीलरने 3 ते 5 मध्ये सांगितलेला बदल त्याच दिवशीच्या गाडीत जावा. फायनान्स: आयआरएन मिळालेल्या बिलात आणि सिस्टीममधल्या ऑर्डरमध्ये फरक राहू नये.
बिल होण्याआधी ऑर्डर बदलायला दोन्ही बाजूंची हरकत नाही. प्रश्न बिल ते गेट या वेळेचा आहे.
पर्याय अ: बिलानंतर ऑर्डर उघडी. वाढीव मालाचं दुसरं बिल, कमी झाल्यास ई-वे बिल आणि बिल रद्द करून नवीन बिल. सेल्सला पूर्ण मोकळीक, फायनान्सला रद्द बिलांचा महिनाअखेरीस मेळ घालावा लागेल, डेव्हलपमेंट दोन आठवडे.
पर्याय ब: बिल झालं की लॉक. फायनान्सचं काम सरळ, सेल्सचे दुपारचे बदल दुसऱ्या दिवशीच्या गाडीत, डेव्हलपमेंट नाही.
पर्याय क: बिलं 2 ऐवजी 5:30 ला, त्यानंतर लॉक. सेल्सला 5:30 पर्यंत बदल करता येतील, फायनान्सचा एक माणूस उशिरापर्यंत लागेल, लोडिंग पुढे सरकेल. यासाठी डिस्पॅचचं मत लागेल म्हणून त्यांना टू मध्ये घेतलं आहे.
प्रोजेक्ट चार्टरप्रमाणे हा निर्णय स्पॉन्सर सरांचा आहे. शुक्रवारपर्यंत निर्णय झाला तर गो-लाइव्हची तारीख हलत नाही. तोपर्यंत सही झालेल्या बीआरडीतली पद्धत, म्हणजे पर्याय ब, तशीच राहील."

यातलं काय का लिहिलंय ते सांगते. दोघांच्या गरजा एकेका वाक्यात आहेत, साधारण सारख्या लांबीच्या, आणि दोघांनाही "हो, हेच म्हणायचं होतं" असं वाटेल अशा भाषेत. एकाचं चार ओळीत आणि दुसऱ्याचं अर्ध्या ओळीत लिहिलंत की वाचणाऱ्याला कल कळतो, तुम्हाला नाही कळला तरी. प्रत्येक पर्यायात कोणाला काय मिळतं आणि कोणाला काय सोसावं लागतं हे दोन्ही आहे. आणि कुठेही "मॅडम म्हणाल्या तसं" किंवा "सरांचा मुद्दा बरोबर आहे पण" नाही. हे 'पण' फार घातक असतं, त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं आणि सरांना फक्त पुढचं दिसतं. 'फक्त', 'साधं', 'प्रॅक्टिकल' असे शब्दही पाठवण्याआधी शोधून काढा, कारण एक पर्याय प्रॅक्टिकल म्हटला की बाकीचे आपोआप तसे नाहीत असं होतं. मी पाठवायच्या आधी मेल दोनदा वाचते, एकदा सर होऊन, एकदा मॅडम होऊन, आणि कुठे टोचलं की ती ओळ बदलते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे शेवटची ओळ, तोपर्यंत काय. तिथे काहीही लिहिलं तरी ते कोणाच्या तरी बाजूचं असतं, आमच्या केसमध्ये ते फायनान्सच्या बाजूचं पडलं. म्हणून ते तुमच्या मनाचं नसून कुठल्या कागदावरचं आहे ते लिहायचं. सही झालेला बीआरडी असेल तर तो, नसेल तर आज चालू असलेली पद्धत.

नियमाची गोष्ट आली की मात्र बोटचेपेपणा करायचा नाही. सरांनी मध्येच विचारलं होतं की बिल तसंच ठेवून सिस्टीममध्ये क्वांटिटी बदलली तर. ते पर्यायांत घेतलंच नाही. मी थ्रेडवर लिहिलं की आयआरएननंतर पोर्टलवरचं बिल बदलत नाही, त्यामुळे गाडीतला माल आणि बिल जुळणार नाही, क्लायंटच्या टॅक्स कन्सल्टंटकडून हे कन्फर्म केलंय. "फायनान्स बरोबर आहे" असं लिहिलं असतं तर सर हरले असते, नियम लिहिला म्हणून कोणी हरलं नाही.

आणि पर्सनल मेसेज येणारच. सरांचा व्हॉट्सॲप आला, "तू अ ला जरा जोर लाव ना." मी लिहिलं, "सर, अ ची गरज का आहे ते तुम्ही स्वतः थ्रेडवर उदाहरणासकट टाकलंत तर स्पॉन्सर सरांना नीट दिसेल, ऑर्डर नंबर मी काढून देते." त्यांनी टाकलं. तो मेसेज मी थ्रेडवर किंवा मॅडमकडे नेला नाही, आणि नेऊही नका, एकदा तसं केलंत की पुढे तुमच्याशी कोणी मोकळं बोलणार नाही.

डिस्पॅचवाल्यांनी दोन तासांत उत्तर दिलं की नागपूरची गाडी 4 ला निघते, तिला 5:30 चं बिल चालणारच नाही, 2 ची वेळ तिच्यामुळेच पडलीय. मग स्पॉन्सर सरांनी क घेतला, लांबच्या रूटची बिलं 2 लाच ठेवून. मी त्याच थ्रेडवर चार ओळी टाकल्या: निर्णय काय, कोणी घेतला, कोणत्या तारखेला, आणि लांबच्या रूटच्या डीलरना 2 नंतरचा बदल पुढच्या गाडीत मिळेल हे सेल्सने डीलरना कळवायचं. तीच चार वाक्यं डिसिजन लॉगमध्ये आणि जिराच्या तिकिटात जशीच्या तशी चिकटवली, शब्द न बदलता, कारण दोन जागी दोन शब्द पडले की टेस्टिंगच्या वेळी हाच वाद परत सुरू होतो.