सकाळच्या फुलांना उत्तर देताना या चुका टाळा

सकाळी सव्वासहाला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दव पडलेला गुलाब येतो, खाली 'शुभ सकाळ'. पाठवणारी आत्या. साडेसातपर्यंत काकांचं कमळ, मामींची जास्वंद आणि आठ-दहा हात जोडलेले असतात. या सगळ्याच्या वरती कुठेतरी रात्री उशिरा आलेला 'शनिवारी आजीला डॉक्टरकडे कोण नेणार?' हा प्रश्न असतो, आणि तो कुणालाच दिसत नाही.

यात खरी गर्दी आत्याचा गुलाब करत नाही, त्याला दिलेली उत्तरं करतात. 'शुभ सकाळ आत्या' असं ग्रुपवर लिहिलं की वीस फोन वाजतात. त्याऐवजी गुलाबावर बोट दाबून धरून वर येणाऱ्या चिन्हांतलं एक निवडलं, तर त्याची सूचना फक्त आत्याला जाते. तिला पोच मिळते, बाकीच्यांना त्रास नाही. फुलाला फूल पाठवणं ही म्हणूनच पहिली चूक.

पण इथेही घसरायला जागा आहे. नेहमीच्या पट्टीत हृदयाच्या शेजारीच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारा चेहरा असतो. झोपेत अंगठा सरकला, तर गुलाबाखालच्या 'ईश्वर सर्वांना सुखी ठेवो'वर तुम्ही खदाखदा हसलेले दिसता. त्याच चिन्हावर पुन्हा टिचकी मारली की ते निघून जातं. शिवाय कोणी काय दिलं, हे ग्रुपमधल्या कोणालाही बघता येतं. आत्याला रोज हृदय आणि मामींना कधीच काही नाही, हे मामींच्या लक्षात येतं. रोज सगळ्यांना देत बसू नका, पण अधूनमधून पाळी प्रत्येकाची येऊ द्या.

आता सर्वांत महागात पडणारी चूक, जी मी स्वतः केली आहे. वैतागून एकदा लिहिलं, 'कृपया या ग्रुपवर फक्त कामाचे निरोप टाकावेत.' नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. दोन भावंडांनी लगेच अंगठा दाखवला, तेव्हा मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आत्याची फुलं बंद. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कोणाकडून कळलं की ती पाय मुरगळून घरात बसून आहे. फोन केला तर म्हणाली, "कामाचं काही नव्हतं रे सांगण्यासारखं."

माफी मी ग्रुपवर मागितली नाही. तिथे मागितली असती तर तोच विषय पुन्हा वीस जणांसमोर उगाळला गेला असता. फोनवरच म्हणालो, "तुझं फूल आलं की तू उठलीस हे कळतं, ते पाठवत जा. कामाचं बोलायला आपण वेगळा ग्रुप करू." दोन दिवसांनी झेंडू आला. खूण ओळखायची तर अशी: रोज पाठवणारं माणूस अचानक गप्प झालं, तर त्याच्या मनाला लागलं आहे किंवा त्याला बरं नाही. दोन्हींवर उपाय फोनच.

आवाजाचा त्रास होत असेल तर ग्रुप सोडू नका, `Mute notifications`मध्ये `Always` निवडा. कोणालाही कळत नाही. ग्रुप सोडल्याची सूचना हल्ली फक्त अ‍ॅडमिनला जाते हे खरं, पण घरच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणजे बहुधा एखादे काकाच, तेव्हा ती बातमी दुपारच्या चहापर्यंत पोचतेच. निळ्या खुणा बंद करून लपता येईल असंही समजू नका. ती सोय ग्रुपमध्ये चालत नाही.

राहिली फोन भरण्याची तक्रार. बरेच जण `Media visibility` बंद करतात आणि जागा वाचली असं मानतात. त्याने पुढची फुलं गॅलरीत दिसत नाहीत एवढंच, ती फोनमध्ये उतरतातच. ती थांबवायची तर `Storage and data`मध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओंचं आपोआप उतरणं बंद करा. जुनं साफ करायला `Manage storage` उघडा, पण वर दिसणाऱ्या मोठ्या फायलींच्या यादीवर थांबू नका. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्याच गोष्टी येतात, आणि एक गुलाब जेमतेम शे-दोनशे केबींचा. खाली ग्रुपचं नाव शोधून त्यात शिरा. पुसताना मात्र नजर ठेवा, कारण चाळीस गुलाबांच्या मधोमध आजीच्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो असतो.