फोनवरचे पत्ते नीट पिसलेत का, हे ताडून पाहा

१९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या साइटने आपली पत्ते पिसायची रीत जाहीर केली आणि तिथेच फसली. पिसणीची सुरुवात घड्याळावरून व्हायची, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावर. म्हणजे दिवसभरात फार तर ८ कोटी ६४ लाख वेगळे डाव. तपासणाऱ्यांनी सर्व्हरशी घड्याळ जुळवून ते लाख-दोन लाखांवर आणले. मग हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते दिसले की बाकीचे सगळे कळायचे.

आता काही गेममध्ये पडताळणीची सोय असते. पत्ते वाटण्याआधी ६४ अक्षरांचा एक कोड दिसतो. तो कॉपी करून ठेवा. डाव संपल्यावर गेम तो कोड ज्यापासून बनवला, तो मूळ गुप्त मजकूर उघड करतो. तो लिनक्स कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये असा तपासा:

```
printf '%s' 'गुप्त मजकूर' | sha256sum
```

कोड तोच आला, तर मजकूर मधेच बदललेला नाही. `echo` वापरू नका, शेवटी नवी ओळ चिकटते आणि उगाच शंका येते. त्याच मजकुरातून पत्त्यांचा क्रमही तोच निघायला हवा. त्याची रीत गेमने दिलेली असावी.

एक खोच मात्र आहे. सोयीचा क्रम गेमने आधीच निवडला असेल, तरी कोड जुळेलच. म्हणून कोड दिसल्यानंतर तुमचाही एखादा शब्द पिसणीत मिसळू देणारा गेम बरा. समोरचे दोघे फोनवर एकमेकांना पत्ते सांगत असतील, तर यातलं काहीच कामाचं नाही.