छोट्या शीतगृहाच्या कर्जासाठी एका पानाचा सारांश कसा लिहावा

शीतगृहाचा प्रोजेक्ट रिपोर्ट सीएकडून करून घेतला की तो जाडजूड होतो. कर्ज अधिकारी मात्र आधी त्याचं पहिलं पान वाचतो. त्या पानावर त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: खोली वर्षभरात किती भरणार आणि त्यातून हप्ता निघणार का? म्हणून सारांश लिहायला बसण्याआधी हा हिशेब कागदावर करून घ्या.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूला ३० टनांचं शीतगृह काढायचं आहे. परिसरात भेंडी, काकडी आणि कारलं होतं आणि माल वाशी किंवा कल्याणच्या बाजार समितीत जातो.

पहिली पायरी: माल आणि तापमान ठरवा

‘सर्व प्रकारची फळे व भाजीपाला साठवला जाईल’ हे वाक्य सारांशात नको. जाणकार अधिकारी तिथेच थांबतो. भेंडीला ७ ते १० अंश सेल्सिअस लागतं, काकडी-कारल्याला १० ते १२. त्याखाली गेलं की भेंडीवर डाग पडतात आणि काकडीला पाणी सुटतं. पालेभाजीला शून्याच्या आसपासची थंडी हवी असते. आंब्याला साधारण १३ अंश चालतं, पण तो पिकताना जो वायू सोडतो त्याने शेजारची काकडी-भेंडी पिवळी पडते. म्हणून ३० टनांची एक खोली न करता १५-१५ टनांच्या दोन करा, एक १० अंशाची आणि दुसरी गरजेप्रमाणे बदलता येईल अशी. दोन खोल्यांचं हे कारण एका ओळीत सारांशात यायला हवं. त्याचा पैशांशी काय संबंध आहे, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: एकरांचा हिशेब

बहुतेक अर्ज इथेच लंगडे पडतात. ‘परिसरात मुबलक भाजीपाला होतो’ एवढं लिहून पहिल्याच वर्षी ८५ टक्के भरणा दाखवलेला असतो.

भेंडीच्या एका क्रेटमध्ये १५ किलो धरली, तर ३० टन म्हणजे २,००० क्रेट. हंगामात ७० टक्के खोली भरलेली हवी असेल, तर रोज रात्री १,४०० क्रेट आत असले पाहिजेत. भेंडीवाला माल दहा दिवस ठेवत नाही. गाडी भरेपर्यंत किंवा पडलेला भाव सावरेपर्यंत फार तर दोन दिवस ठेवतो. म्हणजे रोज ७०० क्रेट, साडेदहा टन नवा माल यायला हवा. भेंडीची तोडणी दिवसाआड होते. एकरी एका तोडणीला २०० किलो धरली, तर रोजचे सरासरी १०० किलो पडतात. साडेदहा टनांसाठी १०५ एकर लागले.

आता शेतकऱ्यांची यादी करा: नाव, गाव, पीक, एकर, महिने आणि सही. एकरांची बेरीज १०५ च्या जवळ गेली तर ३० टन मागा. चाळीसच भरली तर १० ते १५ टनांचा प्रकल्प करा. कमी कर्जाचा अर्ज मंजूर होतो, पण न भरणारी खोली नंतर विकलीही जात नाही. यादी रिपोर्टला जोडा आणि बेरीज सारांशात घ्या.

तिसरी पायरी: महिन्यांप्रमाणे भरणा

शहापूर-मुरबाडमध्ये पावसाळा भाताचा असतो. नोव्हेंबर ते मे हे सात महिने ७० टक्के आणि उरलेले पाच महिने १५ टक्के भरणा धरला, तर वर्षाची सरासरी ४७ टक्के येते. आकडा छोटा वाटला तरी तोच लिहा.

चौथी पायरी: पैशांची मांडणी

खालचे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे आकडे कोटेशनवरून घ्या.

प्रकल्पखर्च ४० लाख: पफ पॅनेलच्या खोल्या व यंत्रणा २२, शेड ९, जनरेटर ४, वीजजोडणी ३, क्रेट आणि वजनकाटा २ लाख. स्वतःचे १० लाख, कर्ज ३० लाख. ९ टक्के व्याज आणि ८४ हप्ते धरले तर महिना सुमारे ४८,३०० रुपये, म्हणजे वर्षाला ५.८ लाख भरावे लागतील.

एका क्रेटला दिवसाला ४ रुपये भाडं धरू. दोन दिवसांचे ८ रुपये म्हणजे किलोमागे ५३ पैसे. भाव किलोला दोन-तीन रुपयांनी सुधारायची आशा असेल तर शेतकरी तेवढे देईल. पूर्ण भरलेल्या खोलीचं वर्षाचं उत्पन्न २९.२ लाख होतं. ४७ टक्क्यांवर ते १३.७ लाखांवर येतं. वीज, दोन माणसांचा पगार, देखभाल, डिझेल आणि विमा मिळून खर्च ७.५ लाख धरला, तर हातात ६.२ लाख उरतात. ५.८ लाखांच्या परतफेडीशी भागल्यावर गुणोत्तर जेमतेम १.०७ येतं. बँकेच्या भाषेत हा डीएससीआर. तो सहसा १.२५ च्या वर लागतो, काही ठिकाणी १.५ मागतात.

इथे दुसरी खोली कामाला येते. पावसाळ्यातला थोडा माल एका खोलीत मावतो. रिकामी खोली जून ते ऑक्टोबर फूल किंवा फळ व्यापाऱ्याला महिना ४०,००० रुपयांनी दिली तर २ लाख वाढतात आणि गुणोत्तर १.४१ वर जातं. पण त्या व्यापाऱ्याचं लेखी पत्र जोडलेलं नसेल तर अधिकारी ही ओळ खोडणार, हे धरून चाला.

किती भरणा झाला की हप्ता निघतो, हेही सांगा. इथे ही पातळी पावसाळी भाड्याशिवाय साडेपंचेचाळीस टक्के येते. अधिकाऱ्याने विचारायच्या आधी हा आकडा आपण दिला की पुढचं बोलणं सोपं जातं.

विजेचा दर नीट पाहा. शेतमालाची शीतगृहं महावितरणच्या दरपत्रकात ‘कृषी – इतर’ या वर्गात येतात. पुष्कळजण व्यापारी दर लावून खर्च फुगवतात.

पाचवी पायरी: योजना आणि जमीन

कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत मिळते. ती वरच्या हिशेबात धरलेली नाही आणि तुम्हीही धरू नका. ‘मंजूर झाल्यास अतिरिक्त’ असं लिहा. फलोत्पादन अभियानाचं अनुदान कर्ज उचलल्यानंतर मागाहून खात्यात येतं, त्यामुळे स्वतःच्या १० लाखांत ते दाखवलं तर फाईल परत येते.

जमिनीबद्दल दोनच ओळी, पण स्पष्ट. सातबारावर किती नावं आहेत, भोगवटादार वर्ग १ की २, आणि अकृषिक परवानगीचं काय झालं. शहापूर-मुरबाडमध्ये वर्ग २ च्या आणि आदिवासी खातेदारांच्या जमिनी बऱ्याच आहेत. तिथे तारण किंवा हस्तांतरासाठी वेगळी परवानगी लागते. हे बँकेच्या वकिलाकडून कळण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

शेवटी पान लिहा

सुरुवात अशी होऊ शकते: ‘किन्हवली परिसरातील १०५ एकरांवरील भेंडी, काकडी व कारले उत्पादकांसाठी १५ टनांच्या दोन खोल्यांचे शीतगृह. प्रकल्पखर्च ४० लाख, स्वतःचे १० लाख, मागणी ३० लाख, मुदत ७ वर्षे. अपेक्षित सरासरी भरणा ४७ टक्के, हप्ता निघण्याची पातळी साडेपंचेचाळीस टक्के, पावसाळी भाड्यासह डीएससीआर १.४१.’ त्याखाली महिन्यांचा छोटा तक्ता, मग जमीन, मग जोडपत्रांची यादी.

फाईल देण्याआधी यादीतल्या शेतकऱ्यांना कळवून ठेवा. अधिकारी त्यातल्या दोघातिघांना फोन करतो आणि ‘दिवसाला चार रुपये द्याल का?’ असं थेट विचारतो.