'बघून या', 'देऊन जा', 'जाऊन येतो' हे पाहुण्यांना इंग्रजीत कसं लिहायचं

मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात आता घरटी कुणी ना कुणी होमस्टे चालवतंय आणि पाहुण्यांशी अर्धं बोलणं मोबाईलवर इंग्रजीत होतं. इंग्रजी बहुतेकांना येतं, शब्दही असतात, पण येणं, जाणं, आणणं, नेणं आलं की पाहुणा गोंधळतो किंवा उगाच दुखावतो. ग्रामर त्यात चुकलेलं नसतंच. आपण मराठीत जाण्या-येण्याचा जो भाग बोलतो तो इंग्रजी गाळते, आणि इंग्रजी जो बोलते तो आपण गाळतो, एवढाच घोळ असतो. तो कसा सोडवायचा ते खाली एकेक करून लिहितोय.

पहिली पायरी : फेरीचे दोन भाग वेगळे करा

आई पोराला म्हणते, "जा, दूध घेऊन ये", आणि कधीकधी 'जा' पण नाही, नुसतंच "दूध घेऊन ये". म्हणजे पोरगा घरातून निघणार, दुकानात पोचणार, दूध घेणार, परत येणार, आणि या सगळ्यातलं आईने तोंडाने काढलं फक्त परत येणं. जाणं गृहीतच आहे, गेल्याशिवाय येणार कसा. मराठीला ही सवय जबरदस्त आहे बघा. पत्र टाकून ये, कचरा टाकून ये, आंघोळ करून ये, देवळात जाऊन ये, सगळीकडे शेवट 'ये' ने.

इंग्रजी बरोबर उलटं करते. तिथे निघण्याचा भाग बोलतात आणि परत येणं गृहीत धरतात. दूध घेऊन ये म्हणजे 'गो गेट सम मिल्क', कचरा टाकून ये म्हणजे 'गो थ्रो द ट्रॅश आउट'. यात 'कम' कुठेच नाही. आपण शब्दाला शब्द ठेवून 'ब्रिंग मिल्क अँड कम' किंवा 'सी द फोर्ट अँड कम' लिहिलं की पाहुण्याला वाटतं किल्ला बघून झाल्यावर याला आपल्याला कुठेतरी भेटायचंय, रिपोर्टिंग आहे की काय.

म्हणून वाक्य लिहायच्या आधी स्वतःला विचारायचं की हा माणूस आत्ता कुठे आहे, आणि इथूनच निघून इथेच परत येणार का? उत्तर 'हो' असेल तर मराठीतला शेवटचा 'ये' सोडून द्या आणि पुढे 'गो' लावा. बघून या म्हणजे 'गो अँड सी', खाऊन या म्हणजे 'गो अँड ईट'.

पण माणूस आधीच दुसरीकडे असेल तर मामला बदलतो, आणि 'जेवून ये' हे त्याचं सगळ्यात छान उदाहरण आहे. पाहुणा तुमच्या ओटीवर बसलाय आणि तुम्ही म्हणालात जेवून या, तर अर्थ झाला जा, खानावळीत जेवा आणि परत या. तोच पाहुणा अजून कणकवली स्टेशनला उतरायचाय, फोनवर विचारतोय रात्री जेवण मिळेल का आणि तुम्ही म्हणालात उशीर होईल, जेवून या, तर अर्थ झाला येण्याआधी जेवून घ्या. मराठी शब्द तेच. इंग्रजीत पहिलं होतं 'गो अँड ईट', दुसरं होतं 'ईट बिफोर यू कम'. कोण कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय हे वाक्य भाषांतर करताच येत नाही.

दुसरी पायरी : 'आण' ला दरवेळी 'ब्रिंग' लावू नका

इथे शिकलेली माणसं सुद्धा अडकतात. आपलं 'आणणं' दोन्हीला चालतं, हातात असलेली वस्तू घेऊन येणं आणि इथून जाऊन ती घेऊन येणं. इंग्रजीतलं 'ब्रिंग' मात्र सहसा पहिल्यालाच वापरतात. दुसऱ्यासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द 'गेट'.

समजा काकी स्वयंपाकघरात आहेत आणि भाचा बाजारात. फोन करून त्या सांगतात, "येताना दोन नारळ आण रे." भाचा बाजारातच आहे, तिथून घराकडे येणार आहे, म्हणून इथे 'ब्रिंग' अगदी बरोबर. आता तोच भाचा पडवीत लोळलाय आणि काकी म्हणाल्या, "जा नारळ आण." इथे 'गो गेट टू कोकोनट्स'. आणि तुम्ही स्वतः निघालात, मासे आणायला चाललोय, तर 'आय ॲम गोइंग टू ब्रिंग फिश' लिहिलं की ऐकणारा विचार करतो की हा मासे कुणाकडे घेऊन जाणार आहे, कुठल्या पार्टीला? 'आय ॲम गोइंग टू गेट फिश' म्हटलं की विषय संपला.

'ब्रिंग' आणि 'टेक' मध्ये निवड करताना मात्र मराठी डोकं बिनधास्त वापरा, कारण इथे दोन्ही भाषा बऱ्यापैकी जुळतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला मालवण जेट्टीवरून होडी लागते. घरी राहणाऱ्या काकी पाहुण्याला म्हणतील, पाणी घेऊन जा. जेट्टीवर वाट बघणारा गाईड त्याच पाहुण्याला फोनवर म्हणेल, पाणी घेऊन या. बाटली एकच आहे. काकी तिथे नसणार म्हणून 'टेक', गाईड तिथे असणार म्हणून 'ब्रिंग'. फक्त अमेरिकन पाहुणे कधीकधी 'टेक' च्या जागी पण 'ब्रिंग' म्हणतात, ती त्यांची बोलायची सवय असते, तेवढ्यावरून ते तिथे थांबणार आहेत वगैरे अर्थ काढू नका.

तिसरी पायरी : 'जा' ने संपणारी वाक्यं तपासा

चावी देऊन जा, चहा पिऊन जा, सही करून जा. यातलं 'जा' आपल्याला खटकत नाही, उलट चहा पिऊन जा म्हणजे आग्रह आहे. पण 'गिव्ह द की अँड गो' लिहिलं की इंग्रजी वाचणाऱ्याला ते चालते व्हा असं ऐकू येतं. बिचारे तीन दिवस घरच्यासारखे राहिलेले असतात आणि शेवटच्या दिवशी हा मेसेज! यावर उपाय एकच, 'जा' च्या जागी 'बिफोर यू गो' किंवा 'बिफोर यू लीव्ह' लावायचं. चहा पिऊन जा म्हणजे 'हॅव सम टी बिफोर यू गो'. आग्रह हवाच असेल तर सुरुवातीला 'प्लीज' लावा.

आणि याचा उलटा प्रकार पण आहे. "भाऊ दुपारी चादरी बदलून जाईल" यात आपण 'जाईल' म्हणतो, कारण आपल्या डोळ्यासमोर तो येऊन, काम करून, परत निघालेला असतो. इंग्रजीत इथे 'कम' हवं, 'ही विल कम अँड चेंज द शीट्स', कारण खोलीत बसलेल्या पाहुण्याच्या बाजूने तो येणार आहे. म्हणजे 'ये' चं 'गो' होतं आणि 'जा' चं 'कम' होतं. विचित्र वाटतं पण कारण एकच आहे, मराठी फेरीचा शेवट सांगते आणि इंग्रजी सुरुवात.

एक अख्खा मेसेज करून बघू

तारकर्लीतल्या एका काकींनी सकाळी खोलीतल्या पाहुण्यांना हे सांगायचंय असं धरा : "नाश्ता करून किल्ला बघून या. पाणी घेऊन जा. येताना बाजारातून सोलं आणा, सोलकढी करून देते. दुपारी भाऊ चादरी बदलून जाईल. उद्या निघताना चावी देऊन जा."

पाहुणे आत्ता खोलीत आहेत, इथूनच जाऊन इथेच येणार, म्हणून पहिलं वाक्य 'आफ्टर ब्रेकफास्ट, गो अँड सी द फोर्ट'. काकी किल्ल्यावर नसणार, म्हणून 'टेक सम वॉटर'. येताना म्हटलंय म्हणजे परतीची वाट सुरू झालेली असणार, तिथे 'ऑन युअर वे बॅक, पिक अप सम कोकम'. 'ब्रिंग' पण चुकीचं नाही, पण वाटेत थांबून घ्यायचंय हे 'पिक अप' मध्ये जास्त स्पष्ट होतं. भावाचं 'कम अँड चेंज'. आणि चावीचं 'प्लीज लीव्ह द की विथ मी बिफोर यू गो टुमॉरो'. पाच वाक्यांत मराठीतला शेवटचा 'या' किंवा 'जा' तसाच उतरला तो फक्त पाण्याच्या वाक्यात.

चौथी पायरी : निघताना 'येतो' म्हणू नका, आणि 'गेलाय' जपून

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, येतो म्हणतात, मालवणीत येतंय. इंग्रजीत तसंच 'आय ॲम कमिंग' म्हणून गेट लावलं की पाहुणा दारात उभा राहतो, कारण त्या भाषेत याचा अर्थ आत्ता, या क्षणी तुझ्याकडे निघालोय. खरंच थोड्या वेळाने परतणार असाल तर 'आय विल बी बॅक', आजचा निरोपच असेल तर 'सी यू टुमॉरो'. 'वायच जाऊन येतंय' हे पण 'आय विल बी बॅक' च, 'गो अँड कम' नाही. हां, पाहुण्याने वरून हाक मारली आणि तुम्ही जिन्यावर निघालात तर 'कमिंग' अगदी बरोबर, तिथे मराठीतही आपण 'आलो, आलो' च म्हणतो.

भूतकाळात पण तोच दोन भागांचा हिशोब. मुलगा रत्नागिरीला गेलाय म्हणजे अजून तिकडेच, 'ही हॅज गॉन टू रत्नागिरी'. जाऊन आलाय म्हणजे फेरी पुरी झाली, त्याला 'ही हॅज बीन टू रत्नागिरी'. पाहुण्याने विचारलं की तुम्ही गोव्याला कधी गेलाय का, तर 'आय हॅव गॉन' लिहिणं बरोबर वाटत नाही, तुम्ही तर इथे बसून मेसेज टाइप करताय. तसंच कुणी येऊन गेलं असेल तर 'हॅज कम' लिहू नका, त्याने तो माणूस अजून घरात आहे असं वाटतं. 'केम बाय' पुरे.

समोरच्याचं इंग्रजी पण उसनं असेल तर

ही अडचण आपली एकट्याची नाही. स्पॅनिशमध्ये कुणी हाक मारली तर उत्तर देतात 'व्हॉय', शब्दशः जातो, कारण त्यांचं 'येणं' बोलणारा जिथे आहे त्या जागेपुरतंच चालतं, ऐकणाऱ्याकडे जायचं असेल तर 'जाणं'च. पोर्तुगीजमध्येही 'जा व्हॉउ' म्हणतात, त्यातला 'जा' म्हणजे आत्ता, 'व्हॉउ' म्हणजे जातो. जपानी माणूसही 'आता जातो' म्हणूनच तुमच्याकडे येतो. स्पॅनिशमध्ये वस्तूचंही तसंच, तुझ्या घरी आणून देतो हे ते नेतो म्हणून सांगतात.

त्यामुळे असा पाहुणा जेट्टीवरून 'आय गो नाऊ' लिहितो तेव्हा तो परस्पर गोव्याला चाललाय असं समजून जेवण रद्द करू नका, तुमच्याकडेच निघालेला असू शकतो. अशा वेळी 'कम' की 'गो' यावर वाद न घालता जागेचं नाव आणि वेळ विचारा : 'विल यू बी ॲट द हाउस बाय वन?' यात येणं नाही, जाणं नाही, फक्त एक वाजता घरी असणार का एवढंच आहे, आणि भात किती टाकायचा ते काकींना तेवढ्यावरून कळतं.